रात्री खाजेने जाग येते? मोठ्या माणसांचं इसब, कोरडी त्वचा आणि झोपण्यापूर्वीचा एक तास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचारोगाच्या ओपीडीत मी पेशंटला नेहमी एक प्रश्न विचारते: खाजेमुळे रात्री किती वेळा उठता? बरेच जण आधी गप्प होतात. दिवसाची खाज लोक सांगतात, रात्रीची सांगत नाहीत, कारण ती आता सवयीची झालेली असते. इसब, म्हणजेच एक्झिमा, किंवा नुसती कोरडी त्वचा असलेल्या मोठ्या माणसांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

दिवसभर फारसं जाणवत नाही, मग आडवं झाल्यावरच खाज का सुटते?

हा भास नाही. रात्री त्वचेत खरोखरच बदल होतात. झोपेची वेळ जवळ आली की शरीर आतली उष्णता बाहेर टाकू लागतं. त्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त येतं आणि त्वचा गरम होते. त्यावर पांघरूण आलं की ती उष्णता तिथेच कोंडते, आणि उष्णतेने खाज वाढते हे इसब असलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय त्वचेतून हवेत उडून जाणारं पाणी रात्री दिवसापेक्षा जास्त असतं. सकाळी लावलेलं क्रीम तोवर पुसलं गेलेलं असतं आणि कोरडेपणा नेमका तेव्हाच वाढतो.

तिसरं कारण आतलं आहे. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. दिवसा दबून राहिलेली सूज तेव्हा डोकं वर काढते. आणि मन रिकामं असतं, ही गोष्टही लहान नाही. दिवसा मेंदूला दुसरी कामं असतात, अंधारात त्याच्यासमोर पोटरीवरची एक जागा एवढंच उरतं.

ही सगळी कारणं संध्याकाळीच जुळून येत असतात. म्हणून उपायाची वेळ जाग आल्यावरची नाही, झोपण्याआधीचा तास ही आहे.

ही खाज इसबाचीच आहे हे कसं ओळखायचं?

कोरड्या त्वचेचं इसब मोठ्या माणसांत बहुधा नडग्यांवर सुरू होतं. त्वचेवर बारीक पापुद्रे सुटतात, मग जाळीसारख्या बारीक भेगा दिसतात, उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाचा चिखल तडकतो तशा. भेगांच्या कडा लालसर होतात. लहानपणापासूनचं इसब असेल तर कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत, मानेवर, मनगटावर चट्टे असतात आणि वर्षानुवर्षं खाजवून तिथली कातडी जाड, सुरकुतलेली होते.

रात्रीच्याच खाजेची आणखी दोन मोठी कारणं आहेत आणि ती चुकवून चालत नाही. पहिलं खरूज. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, कमरेभोवती, बेंबीजवळ, जननेंद्रियांवर बारीक पुरळ असेल आणि घरात आणखी कुणाला खाज सुटलेली असेल, तर आधी खरजेचा विचार करा. कितीही मॉइश्चरायझर लावलं तरी खरूज जाणार नाही. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं.

दुसरं गजकर्ण: कडा उठलेली, मध्ये साफ होत जाणारी गोल चकती. तिच्यावर स्टेरॉइडचं मलम लावलं तर चार दिवस बरं वाटतं, मग ती दुप्पट पसरते आणि तिचा मूळ गोल आकारही हरवतो, त्यामुळे नंतर डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

अंगावर काहीच दिसत नाही, फक्त खाजवल्याचे ओरखडे आहेत आणि अंगभर खाज आहे, असं असेल तर त्वचा कोरडी आहे म्हणून सोडून देऊ नका. किडनी, यकृत, थायरॉइड, रक्तातलं लोह, एखादं चालू औषध, यापैकी काहीही मागे असू शकतं. त्यासोबत वजन उतरणं, रात्री कपडे भिजतील इतका घाम किंवा गाठी असतील, तर लवकर तपासणी करा.

रात्री अंघोळ करावी की त्याने त्वचा आणखी कोरडी होते?

अंघोळीने त्वचा कोरडी होत नाही, अंघोळीनंतर काहीच न लावल्याने होते. पाण्यात भिजलेली त्वचा पाणी शोषून फुगते. ते पाणी वरून झाकून टाकलं तर आत राहतं. तसंच सोडलं तर काही मिनिटांत उडून जातं आणि त्वचा पूर्वीपेक्षा कोरडी पडते. अंघोळीने त्रास होतो असं सांगणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हेच घडत असतं.

पाणी कोमट हवं. हाताला 'छान गरम' लागतंय म्हणजे ते जास्तच गरम आहे. ५ ते १० मिनिटं पुरे. साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्याच जागी लावा. नडग्यांना आणि हातांना रोज साबणाची गरज नसते. नेहमीचा साबण अल्कलीधर्मी असतो आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून साबण न वापरता सुगंधविरहित सौम्य क्लिन्झर वापरला तर बरं. घासणी, दगड, खरखरीत टॉवेल बंद. टॉवेल फक्त टेकवून पाणी टिपा आणि त्वचा थोडी दमट असतानाच, साधारण ३ मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा.

वेळेचंही सांगते. अंथरुणावर पडायच्या अगदी आधी अंघोळ केली तर शरीर गरम असतानाच पांघरुणात शिरतं. तासभर आधी आटपा, म्हणजे मलमही मुरतं आणि त्वचाही गार होते.

लोशन, क्रीम की मलम?

रात्रीसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: मलम, नाहीतर घट्ट क्रीम. लोशनमध्ये पाण्याचा भाग जास्त असतो. लावताना गार वाटतं, पण पाणी उडालं की मागे फारसं काही उरत नाही. बाटली उलटी केल्यावर जे सहज ओतलं जातं ते दिवसासाठी ठेवा. रात्री असं काहीतरी हवं जे बोटाने खरवडून काढावं लागतं.

साधी पेट्रोलियम जेली पाणी अडवून धरण्यात फार कमी गोष्टींना हार जाते, आणि तिच्यात सुगंध किंवा प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने ॲलर्जीची शक्यताही अगदी कमी. तिचा चिकटपणा ज्यांना सोसत नाही त्यांनी ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं घट्ट क्रीम घ्यावं. युरिया असलेलं क्रीम जाड, कोरड्या कातडीवर चांगलं काम करतं, पण भेगा पडलेल्या किंवा ओरबाडलेल्या जागी झोंबतं. ती आग म्हणजे औषध लागू पडतंय असं समजून पेशंट दात आवळून सहन करतात. तसं करू नका. भेगा भरेपर्यंत युरिया बाजूला ठेवा.

'सुगंधविरहित' हा शब्द वेष्टणावर शोधा. 'नैसर्गिक' या शब्दाने काही सिद्ध होत नाही. वनस्पतींचे सुगंधी अर्कही ॲलर्जी करतात.

नुसतं तेल लावलं तर?

तेल वरचा थर मऊ करतं, पण पाणी धरून ठेवायला ते बहुधा पुरेसं नसतं, आणि सगळी तेलं सारखीही नाहीत. ऑलिव्ह तेलाने त्वचेचं आवरण उलट कमकुवत होतं असं अभ्यासात दिसलं आहे. इसबावर तेल चोळून मालिश तर नकोच, चोळण्यानेच खाज चाळवते.

किती लावायचं? मी रोज लावते, तरी उपयोग नाही.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चूक इथे होते. मी पेशंटला विचारते, ट्यूब किती दिवस पुरते? '१०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाते' असं उत्तर आलं की मला कारण सापडलेलं असतं.

हिशोब करून पाहू. गुडघ्यापासून पावलापर्यंत दोन्ही पाय, एवढ्याच भागाला रात्री एकदा नीट लावायला साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे भरून मलम लागतं. म्हणजे १०० ग्रॅमची ट्यूब १० दिवसांत संपायला हवी. अंगभर कोरडेपणा असेल आणि दिवसातून दोनदा लावायचं असेल, तर मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. म्हणून महागडी छोटी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा साध्या मलमाचा मोठा डबा घ्या.

लावल्यावर त्वचा चमकली पाहिजे आणि बोट टेकवलं तर किंचित चिकट लागलं पाहिजे. केसांच्या दिशेने, वरून खाली, लांब हात फिरवून पसरवा. उलटसुलट चोळलं तर केसांच्या मुळाशी मलम अडकून पुटकुळ्या येतात. आणि डब्यात बोटं बुडवू नका. स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर डब्यात जंतू वाढतात.

एका पेशंटची संध्याकाळ सांगाल का, नेमकं काय बदललं?

ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साधारण पन्नाशीचे गृहस्थ. दोन्ही नडग्यांवर भेगाळलेले लाल चट्टे, पोटऱ्यांवर वाळलेल्या रक्ताचे बारीक ठिपके. रात्री दोनच्या सुमारास जाग, मग अर्धा-पाऊण तास खाजवणं. झोपताना खाजेची गोळी चालू होती. त्याने गुंगी येई, खाज तशीच राही.

मी त्यांना संध्याकाळ तासातासाने सांगायला लावली. आठला कढत पाण्याने अंघोळ, कारण त्या कढत पाण्याखाली नडग्यांना फार बरं वाटे. साबणाचा फेस अंगभर, घासणीने. मग जेवण, टीव्ही. साडेदहाला आठवण आली की हातावर रुपयाएवढं लोशन, दोन्ही पायांना मिळून. अकराला जाड पांघरूण.

कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते हे खरं आहे. त्या तीव्र जाणिवेखाली खाजेची जाणीव दबते. पण ते पाणी त्वचेतली स्निग्धता धुऊन नेतं, आणि तासाभराने खाज व्याजासकट परत येते. त्यांच्या संध्याकाळीत चांगल्या हेतूने केलेली प्रत्येक गोष्ट दोन वाजताची तयारी करत होती.

बदल थोडेच केले. अंघोळ साडेनऊला, कोमट, दहा मिनिटं, पायांना साबण नाही. पाणी टिपल्याबरोबर फक्त लाल चट्ट्यांवर मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम, आणि चट्ट्यांभोवतीच्या कोरड्या त्वचेवर लगेच पेट्रोलियम जेली. वीस मिनिटांनी चट्ट्यांवरही हलक्या हाताने जेली. वर सैल सुती पायजमा. जाड पांघरूण काढून दोन पातळ, म्हणजे उकडलं की एक काढता येतं. गोळी बंद केली.

पहिल्या तीन रात्री जाग आलीच, फक्त लवकर झोप लागली. आठवड्याच्या शेवटी ते सलग झोपू लागले. दोन आठवड्यांनी चट्टे सपाट झाले तेव्हा स्टेरॉइड थांबवलं, जेली चालू ठेवली. महिन्याने प्रवासात चार रात्री जेली राहून गेली, आणि पाचव्या रात्री दोन वाजता जाग आली. त्यातून त्यांना जे पटलं ते माझ्या सांगण्याने पटलं नसतं.

स्टेरॉइडच्या मलमाची भीती वाटते. ते टाळून चालेल का?

नुसता कोरडेपणा असेल तर चालेल. पण चट्टा लाल, उठलेला, खरखरीत असेल तर तिथे सूज आहे, आणि सूज मॉइश्चरायझरने उतरत नाही. अशा वेळी मलम टाळत राहिलं की खाज आणि खाजवणं महिनोन्‌महिने चालतं आणि कातडी जाड होते.

त्वचा पातळ होण्याची भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या वापराची आहे: जास्त ताकदीचं मलम, चेहऱ्यावर किंवा जांघेत, महिनोन्‌महिने, कुणालाही न विचारता. डॉक्टरांनी जागा पाहून ताकद ठरवलेली असेल, तर रात्री एकदा, चट्टा सपाट होईपर्यंत, पुरेसं लावणं सुरक्षित असतं. प्रमाणासाठी बोटाच्या पेराचं माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला, बोटं धरून, पुरतं.

आधी स्टेरॉइड की आधी मॉइश्चरायझर, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. एका जागी दोन्ही लावताना मध्ये १५ ते ३० मिनिटं जाऊ द्या, एवढं पाळलं तरी बास. पुन्हा पुन्हा त्याच जागी उठणाऱ्या इसबासाठी, चट्टे गेल्यावरही त्या जागांवर आठवड्यातून दोन रात्री मलम लावायची पद्धत आहे. ती स्वतःहून सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड नको अशा नाजूक जागांसाठी टॅक्रोलिमससारखी मलमं आहेत. ती पहिले काही दिवस आग करतात, नंतर ती आग कमी होते.

खाजेची ॲलर्जीची गोळी रात्री घेऊ का?

पित्ताच्या गांध्यांची खाज हिस्टामिनमुळे असते, तिथे ही गोळी उत्तम. इसबाची खाज मुख्यतः दुसऱ्या रसायनांमुळे असते, म्हणून गोळीने ती फारशी जात नाही. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी डोळा लागतो इतकंच. पण झोपेची प्रत बिघडते, सकाळी डोकं जड राहतं, आणि वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठला की तोल जाऊन पडतो. हाड मोडण्यापर्यंत हे जाऊ शकतं. म्हणून रोजचा उपाय म्हणून मी ती देत नाही.

एवढं करूनही दोनला जाग आली तर?

पहिलं, अंथरुणावर पडून 'नाही खाजवायचं' असं स्वतःशी झगडत बसू नका. उठा. स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून पिळा आणि खाजणाऱ्या जागेवर ५ ते १० मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. रुमाल काढल्याबरोबर, त्वचा दमट असतानाच, मलमाचा थर द्या. त्यासाठी छोटी डबी उशाशीच ठेवा, कारण कपाटापर्यंत जायचा कंटाळा येऊन माणूस खाजवतोच. काही जण मॉइश्चरायझर फ्रिजमध्ये ठेवतात, त्या गारव्यानेही खाज उतरते.

हात खाजवायला निघालेच तर मूठ घट्ट आवळून तीसपर्यंत मोजा, मग तळवा त्या जागेवर नुसता दाबून धरा. नख ओढण्याऐवजी दाब, इतकाच बदल. दिवा मोठा लावू नका आणि फोन उघडू नका, नाहीतर खाज थांबेल पण झोप परत येणार नाही.

मी झोपेतच खाजवतो. सकाळी चादरीवर रक्ताचे डाग दिसतात.

झोपेतलं खाजवणं बहुधा हलक्या झोपेत होतं, आणि तिथे इच्छाशक्तीचा काही उपयोग नाही. म्हणून हाताचं काम अवघड करून ठेवा. नखं आठवड्यातून दोनदा कापा आणि कानशीने कडा गुळगुळीत करा. पातळ सुती हातमोजे घाला. नडग्यांवर लांब सुती मोजे चढवा, म्हणजे मलमही चादरीला लागत नाही.

फारच चिघळलेल्या दिवसांत ओल्या कपड्याची पट्टी उपयोगी पडते. औषध आणि मॉइश्चरायझर लावायचं, त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाचा थर, आणि त्यावर कोरड्या कापडाचा थर. ओलं कापड हळूहळू वाळताना त्वचा गार ठेवतं आणि नखाला त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही. पण त्याखाली स्टेरॉइड नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं. म्हणून हे काही रात्रींपुरतं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पू किंवा पिवळा स्राव असेल तिथे अजिबात नाही.

कधी डॉक्टरांकडे जायलाच हवं?

नीट मात्रेत, रोज, दोन आठवडे करूनही आठवड्यात तीन-चार रात्री जाग येत असेल तर जा. मध्यम आणि तीव्र इसबासाठी प्रकाशकिरणांचे उपचार, गोळ्या आणि इंजेक्शनं आहेत. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: जाग किती वाजता आली, कुठे खाज होती, संध्याकाळी काय लावलं. मला ती वही रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांपेक्षा जास्त सांगते.

चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली, पाणी सुटणं, वाढता दुखरेपणा किंवा ताप असेल तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, एक-दोन दिवसांत दाखवा. इसबाच्या जागी अचानक एकसारखे बारीक फोड किंवा टाचणीने खोदल्यासारखे गोल खड्डे आले आणि ते खाजण्यापेक्षा दुखत असतील, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि डोळ्याजवळ असेल तर रात्रीच्या रात्री.

मलमाने चादरी खराब होतात. काही उपाय?

झोपायला एक जुनी सुती चादर आणि एक कपड्यांचा जोड वेगळा ठेवा. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या: पेट्रोलियम जेली किंवा तत्सम मलम मुरलेलं कापड लवकर पेट घेतं आणि झपाट्याने जळतं. धुतल्यानेही ते पूर्ण निघत नाही. त्या कपड्यांत विडी-सिगारेट, मेणबत्ती किंवा गॅसच्या शेगडीजवळ जाऊ नका, आणि हे घरातल्या इतरांनाही सांगून ठेवा.